दोष गव्हर्नरचा की एव्हीआरचा?

सोसायटीचा जनरेटर मोकळा चालत असताना अगदी शांत असतो. लिफ्ट आणि पाण्याचा पंप त्याच्यावर आले की इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. जिन्यातले दिवे त्याच तालात उजळतात आणि मंदावतात, लिफ्ट मध्येच थांबून पडद्यावर एरर दाखवते. कारागीर याला हंटिंग म्हणतात. ‘व्होल्टेज वरखाली होतंय, म्हणजे एव्हीआर गेला,’ हे निदान बहुतेक ठिकाणी जनरेटरचं झाकण उघडायच्या आधीच झालेलं असतं.

एव्हीआर म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज सांभाळणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. चार स्क्रू आणि काही वायरी सोडवल्या की तो निघतो आणि नवा बाजारात सहज मिळतो. म्हणूनच पहिला संशय त्याच्यावर येतो. नवा बोर्ड बसतो, बिल होतं आणि दुसऱ्या दिवशी दिवे पुन्हा तसेच डोलतात. हा खर्च मला फार खटकतो, कारण तो टाळता येतो. दोष इंजिनाच्या बाजूला आहे की व्होल्टेजच्या, हे कोणताही भाग न बदलता कळू शकतं आणि त्यातला अर्धा तपास सोसायटीच्या सेक्रेटरीलाही मीटर बघून करता येतो.

त्यासाठी आधी एक गोष्ट पक्की करावी लागते. जनरेटरमध्ये दोन वेगवेगळे राखणदार काम करतात. गव्हर्नर इंजिनाचा वेग राखतो: वेग कमी झाला की डिझेल वाढवतो, जास्त झाला की कमी करतो. एव्हीआर व्होल्टेज राखतो: अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकाला किती प्रवाह द्यायचा ते ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक डिझेल जनरेटरचा अल्टरनेटर चार ध्रुवांचा असतो. तो मिनिटाला १५०० फेरे फिरला की ५० हर्ट्झची वीज देतो. वेग ३० फेऱ्यांनी घसरला तर फ्रिक्वेन्सी एका हर्ट्झने घसरते. हे नातं निव्वळ यांत्रिक आहे आणि एव्हीआरचा त्यात हात नाही. एव्हीआरचा बोर्ड काढून बाजूला ठेवला तरी १५०० फेऱ्यांना ५० हर्ट्झच मिळणार.

व्होल्टेजचं तसं नाही. ते वेगावरही अवलंबून असतं आणि चुंबकाच्या जोरावरही. म्हणून मीटरवर फ्रिक्वेन्सी हलताना दिसली तर इंजिनाचा वेग नक्कीच हलतोय, याबद्दल शंका नको. व्होल्टेज हलताना दिसलं तर मात्र दोन्ही राखणदारांकडे पाहावं लागतं.

हंटिंग मुळात होतं का, तेही थोडक्यात पाहू. नहाणीघरात गरम पाण्याचा नळ फिरवल्यावर पाणी गरम व्हायला काही क्षण लागतात. तेवढ्यात आपण नळ आणखी फिरवतो, मग पाणी पोळतं, मग घाईने उलटा फिरवतो आणि पाणी गार पडतं. गव्हर्नरची अडचण हीच आहे. त्याने डिझेल वाढवलं तरी जड फ्लायव्हील वेग घ्यायला वेळ लावतं. टर्बो इंजिनात तर वाढलेल्या डिझेलला पुरेशी हवा मिळायलाही थोडा वेळ लागतो. हा उशीर लक्षात न घेता गव्हर्नर जास्त जोराने वागला, किंवा त्याचा हुकूम डिझेल पंपापर्यंत अडखळत पोचला, की वेग नेमक्या आकड्यावर थांबत नाही आणि त्याच्या वर-खाली डोलत राहतो. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली ‘ऑन गव्हर्नर्स’ या निबंधात याचंच गणित मांडलं होतं: असं डोलणं कोणत्या परिस्थितीत आपोआप विरतं आणि कोणत्या परिस्थितीत वाढत जातं.

आता खरी गुंतागुंत. दोन्ही राखणदार एकमेकांना हलवतात.

इंजिनाचा वेग फार पडला तर एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज खाली आणतो. ही त्याची सोय आहे, बिघाड नव्हे. फ्रिक्वेन्सी एका ठरावीक आकड्याच्या, समजा ४८ हर्ट्झच्या, खाली गेली की एव्हीआर व्होल्टेज त्याच प्रमाणात घटवतो. त्यामुळे दमलेल्या इंजिनावरचा भार हलका होतो आणि चुंबकाच्या कॉइलही तापत नाहीत. पण पाहणाऱ्याला दिसतं ते एवढंच की व्होल्टेज पडलं.

उलटंही घडतं. एव्हीआर स्वतः डोलत असेल आणि जनरेटरवर हीटर किंवा साधे दिवे असतील, तर व्होल्टेजबरोबर भारही डोलतो. अशा भाराची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने बदलते: व्होल्टेज दहा टक्के वाढलं तर शक्ती एकवीस टक्के वाढते. इतका भार मागेपुढे झाला की इंजिन गुरगुरतं, फ्रिक्वेन्सीही हलते आणि निर्दोष गव्हर्नरवर ठपका येतो. म्हणून ‘आवाज हलतोय म्हणजे गव्हर्नर’ आणि ‘दिवे हलतायत म्हणजे एव्हीआर’ हे दोन्ही अंदाज पुरेसे नाहीत.

यातून बाहेर पडायचा मार्ग एकच: एका राखणदाराला काही वेळ कामावरून दूर करायचं आणि दुसरा एकट्याने शांत राहतो का ते पाहायचं. एक नमुन्याचं प्रकरण घेऊन हे पायरीपायरीने पाहू.

१२५ केव्हीएचा जनरेटर आहे. पूर्ण भाराला तो साधारण १७४ अँपिअर देऊ शकतो, पण सोसायटीत त्याच्यावर येतात जिन्यातले दिवे, पंधरा हॉर्सपॉवरचा पंप आणि दोन लिफ्ट. त्यामुळे मीटरवर साठ अँपिअरच्या वर क्वचितच जातं. इंजिनाला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर आहे. फ्लायव्हीलच्या दातांजवळ बसवलेला सेन्सर वेग मोजतो, कंट्रोलर हिशेब करतो आणि ॲक्च्युएटर नावाची विद्युत मोटर एका सळईने डिझेल पंपाचा लिव्हर ओढते किंवा सोडते. एव्हीआर नुकताच बदललेला आहे आणि तक्रार जशीच्या तशी आहे.

पहिली पायरी निव्वळ बघण्याची. पॅनलवरचे व्होल्टेजचे आणि फ्रिक्वेन्सीचे मीटर एकाच चौकटीत येतील असा मोबाइल धरायचा आणि आवाजासकट एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. आधी मोकळ्या जनरेटरचा, मग पंप चालू असताना, मग लिफ्ट चालू असताना. व्हिडिओ नंतर हळू चालवून आकडे कागदावर उतरवता येतात. एक काळजी मात्र घ्यावी. डिजिटल मीटर आपला आकडा ठरावीक अंतराने बदलतो आणि दोन मीटरचं अंतर सारखं नसतं. त्यामुळे कोणता आकडा क्षणभर आधी हलला यावरून निष्कर्ष काढू नये. आकडे किती हलले आणि एका झोक्याला किती वेळ लागला, एवढंच पाहावं.

या जनरेटरवर काय दिसलं? मोकळं असताना फ्रिक्वेन्सी ५०च्या आसपास स्थिर. पंप लागला की ती ४८.४ ते ५१.२च्या मध्ये डोलते आणि एका झोक्याला सुमारे दोन सेकंद लागतात. पण या सगळ्या वेळात व्होल्टेज २२९ ते २३१च्या पलीकडे जात नाही. लिफ्ट उचलू लागली की झोका खोल होतो: फ्रिक्वेन्सी ४५ला टेकते आणि त्याच वेळी व्होल्टेज २१६ होतं.

हे आकडे नीट वाचले तर निम्मा निकाल इथेच लागतो. पंपावर फ्रिक्वेन्सी जवळजवळ तीन हर्ट्झने हलत असूनही व्होल्टेज जागच्या जागी आहे. म्हणजे एव्हीआर वेगाच्या डोलण्याची भरपाई चोख करतोय. मग लिफ्टच्या वेळी २१६ का? या एव्हीआरचा उतार ४८ हर्ट्झपासून सुरू होतो. २३०ला ४५ने गुणून ४८ने भागलं की २१६ येतात. व्होल्टेज नेमकं नियमाप्रमाणेच उतरलंय. आधीचा एव्हीआर निष्कारण बदलला गेला होता.

झोक्याचा वेळही हेच सुचवतो. एव्हीआरचं काम सेकंदाच्या अंशात होतं. तो बिघडतो तेव्हा दिवे बहुधा भराभर लुकलुकतात. इंजिन आणि फ्लायव्हील जड असल्याने त्यांचा झोका एक ते तीन सेकंदांचा, संथ असतो. हा ठोकताळा आहे, पुरावा नव्हे, पण इतर खुणांशी जुळला तर उपयोगी पडतो.

दुसरी पायरी भार तपासण्याची. लिफ्ट, वेल्डिंग मशिन, पिस्टनचा कॉम्प्रेसर यांचा भार मुळातच थांबून थांबून येतो आणि वेग त्याच्या मागे हलणारच. ते हंटिंग नव्हे. म्हणून लिफ्ट बंद ठेवून फक्त पंप, किंवा त्याहून बरं म्हणजे हीटरचा स्थिर भार द्यायचा. भार अजिबात बदलत नसताना डोलणं टिकलं, तर दोष जनरेटरमध्येच आहे. इथे ते टिकलं.

तिसरी पायरी निर्णायक आहे आणि ती फक्त जाणत्या मेकॅनिकने करायची. स्थिर भार चालू असताना ॲक्च्युएटरची सळई हाताने धरून एका जागी रोखायची. म्हणजे गव्हर्नरला कामावरून दूर केलं आणि डिझेल कायम ठेवलं. या अवस्थेत भार अचानक सुटला तर इंजिन पळू लागेल. त्यामुळे दुसऱ्या माणसाचा हात इमर्जन्सी स्टॉपवर हवा, रहिवाशांचा सगळा पुरवठा तोडलेला हवा आणि वेग वाढल्यास इंजिन बंद करणारं संरक्षण आधी तपासलेलं हवं. हे सगळं जमवून सळई धरली तेव्हा फ्रिक्वेन्सी ४९.८वर जवळपास थांबली. व्होल्टेज २३०. हात सोडला की झोका पुन्हा सुरू. डिझेल कायम असताना इंजिन शांत आहे, म्हणजे इंजिनाच्या पोटात दोष नाही आणि भारातही नाही. वेग राखण्याची जी साखळी आहे, सेन्सरपासून पंपाच्या लिव्हरपर्यंत, तिच्यातच कुठेतरी खोट आहे.

सळई धरूनही वेग हलत राहिला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. मग डिझेलचा मार्ग बघावा लागला असता. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा जोड सैल असेल तर पंप तिथून हवा ओढतो. फिल्टर तुंबला असेल तर मोकळ्या इंजिनाला पुरेल एवढं डिझेल मिळतं, पण भार आला की कमी पडतं. भाराखालीच दिसणाऱ्या हंटिंगमध्ये हे दोन दोष नेहमी सापडतात आणि कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी फिल्टर बदलून, हवा काढून पाहणं सर्वांत स्वस्त पडतं.

या प्रकरणात इंजिन बंद करून सळई पंपापासून सोडवली. लिव्हर बोटाने हलवल्यावर मधल्या टप्प्यात तो किंचित अडकत होता. सळईच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजून ढिला झाला होता. रोज त्याच हलक्या भारावर चालणाऱ्या इंजिनात लिव्हर दररोज त्याच जागी थरथरत राहतो आणि झीज तिथेच होते. मोकळ्या इंजिनात लिव्हर दुसऱ्या जागी असतो, म्हणून तेव्हा सगळं ठीक वाटत होतं. ढिल्या जॉइंटमुळे ॲक्च्युएटर हलला तरी लिव्हर लगेच हलायचा नाही, मग अडकणीतून सुटून एकदम जास्त हलायचा. त्यात भर म्हणून कोणीतरी कंट्रोलरवरचा ‘गेन’चा स्क्रू चढवून ठेवला होता. गेन म्हणजे वेगातल्या फरकाला गव्हर्नरने किती जोराने उत्तर द्यायचं ते प्रमाण. वेग पडतोय असं वाटून चढवलेला गेन डोलणं आणखी वाढवत होता.

बॉल जॉइंट नवा बसला, लिव्हर साफ होऊन मोकळा झाला आणि मग कंट्रोलर जुळवायची पाळी आली. तिची रीत अशी: गेन इंजिन डोलू लागेपर्यंत चढवायचा आणि डोलणं थांबेल इतका मागे घ्यायचा. मग ‘स्टॅबिलिटी’च्या स्क्रूने तेच करायचं. शेवटी पंप एकदम चालू करून पाहायचं. फ्रिक्वेन्सी एकदा खाली जावी, परतताना ५०च्या थोडी वर जावी आणि थांबावी. दोन-तीनपेक्षा जास्त झोके दिसले तर गेन अजून जास्त आहे. सावकाश, रांगत परत आली तर कमी आहे. यांत्रिक भाग दुरुस्त न करता हे स्क्रू फिरवत बसण्याचा मला विशेष राग येतो, कारण त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

जुन्या इंजिनांत गव्हर्नर पंपाच्या आतच, वजनं आणि स्प्रिंगचा असतो. त्याचा स्वभाव थोडा वेगळा. तो मोकळ्या इंजिनाला ५२ हर्ट्झच्या आसपास ठेवतो आणि पूर्ण भाराला ५०वर येतो. ही घसरण ठरवून दिलेली असते. भार वाढताना फ्रिक्वेन्सी उतरून नव्या जागी स्थिर झाली तर तो दोष नाही. स्थिर न होता डोलत राहिली तरच दोष. नव्या इंजिनांत, विशेषतः १ जुलै २०२३पासून लागू झालेल्या सीपीसीबी ४ प्लस प्रदूषण नियमांनुसार बनलेल्या अनेक जनरेटरांत, डिझेल किती सोडायचं ते इंजिनाचा संगणकच ठरवतो आणि बाहेर धरायला सळईच नसते. तिथे कंपनीच्या माणसाला लॅपटॉप जोडून इंधनाचा दाब आणि मागणीचे आकडे वाचावे लागतात. पहिल्या दोन पायऱ्या मात्र तिथेही तशाच लागू पडतात.

आता उलटं चित्र. इंजिनाचा सूर एकसारखा आहे, मोकळ्या जनरेटरवरही फ्रिक्वेन्सी ५०वर ठाम आहे आणि व्होल्टेज २१५ ते २४५च्या मध्ये भराभर नाचतंय. इथे बोट व्होल्टेजच्या बाजूकडे जातं. तरीही बोर्ड लगेच बदलू नये. आधी जनरेटर बंद करून एव्हीआरला व्होल्टेजची खबर देणाऱ्या वायरींचे जोड ताणून, कसून पाहावेत. इंजिनाच्या कंपनाने हे जोड ढिले होतात आणि खबरच तुटक मिळाली की एव्हीआर बावचळणारच. मग त्याच्यावरचा ‘स्टॅब’ लिहिलेला स्क्रू. पर्यायी बोर्ड बसवला असेल तर अल्टरनेटरच्या आकारमानाप्रमाणे त्यावरची जोडपट्टी योग्य जागी आहे का, हेही पाहावं. लहान अल्टरनेटरसाठीची जोडणी मोठ्यावर राहिली तर नवा कोरा बोर्डही हंटिंग करतो.

एवढ्यानेही भागलं नाही तर एव्हीआरला कामावरून दूर करायचं. मेकॅनिक जनरेटर बंद असताना सगळा भार तोडतो, एव्हीआरपासून एक्सायटरच्या फील्डकडे जाणाऱ्या दोन वायरी सोडवतो आणि त्यांना बारा व्होल्टच्या बॅटरीतून स्थिर प्रवाह देऊन इंजिन पूर्ण वेगाला आणतो. अनेक अल्टरनेटरवर अशा वेळी ठरलेल्या व्होल्टेजच्या दहा टक्के इकडेतिकडे आकडा मिळतो. नेमका किती यावा ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतं. तो आकडा मिळाला आणि हलला नाही, तर वाइंडिंग आणि फिरते डायोड बरे आहेत, दोष एव्हीआरचा किंवा त्याला येणाऱ्या खबरीचा आहे. व्होल्टेज फारच कमी आलं तर फिरत्या डायोडपैकी एखादा गेला असण्याची शक्यता मोठी. ते बाहेरून दिसत नाहीत आणि ते खराब असताना एव्हीआर बदलला तर नवा एव्हीआरही जास्त प्रवाह देता देता जळतो. वेग स्थिर असून व्होल्टेज अजूनही नाचलं, तर शोध जोडांकडे आणि फिरत्या भागाकडे वळवायचा.

दोन्ही राखणदार निर्दोष ठरले आणि दिवे तरीही हलत असतील, तर पॅनल रूममधल्या कपॅसिटरच्या पेटीकडे पाहावं. पॉवर फॅक्टर सुधारणारी ती पेटी मंडळाच्या विजेसाठी बसवलेली असते, पण जनरेटर चालू असतानाही जोडलेली राहते. हलक्या भारावर तिचे कपॅसिटर जास्त झाले की ते अल्टरनेटरला उलट चुंबकत्व पुरवतात. एव्हीआर आपला प्रवाह शून्यावर आणतो तरी व्होल्टेज चढतच राहतं. खूण अगदी सोपी: पेटीतला कॉन्टॅक्टर खटकन वाजला की व्होल्टेज उडी मारतं. पेटी बंद करून पाहिलं की खात्री होते. मोठे यूपीएस असले तर त्यांनी विजेच्या लाटेचा आकार बिघडवल्यामुळेही काही एव्हीआर फसतात. यूपीएस बायपासवर टाकून तेही पडताळता येतं.

किती डोलणं चालण्यासारखं, याचंही माप आहे. जनरेटर संचांसाठीच्या आयएसओ ८५२८ या मानकात कामगिरीचे वर्ग दिले आहेत. त्यातल्या जी२ वर्गाला स्थिर भारावर फ्रिक्वेन्सीचा पट्टा दीड टक्क्याचा, म्हणजे ५० हर्ट्झला पाऊण हर्ट्झ रुंदीचा चालतो. जी३ला अर्ध्या टक्क्याचाच. आपला जनरेटर कोणत्या वर्गाचा आहे हे त्याच्या कागदपत्रांत पाहावं. वरच्या उदाहरणात पंपावर २.८ हर्ट्झचा पट्टा होता, दुरुस्तीनंतर तो ०.४ उरला.

सर्व्हिसवाल्याला फोन करताना ‘व्होल्टेज वरखाली होतंय’ एवढंच सांगितलं तर तो एव्हीआर पिशवीत घालूनच येईल. त्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात: मोकळ्या जनरेटरवर आणि स्थिर भारावर फ्रिक्वेन्सी कुठून कुठपर्यंत हलते, त्याच वेळी व्होल्टेज कुठून कुठपर्यंत, एका झोक्याला किती सेकंद लागतात, आणि डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला. सोबत तो व्हिडिओ पाठवावा. आणि त्याने पहिल्याच भेटीत बोर्ड बदलायचं म्हटलं, तर बॅटरीची चाचणी केली का, हे आवर्जून विचारावं.